ताबा कधी? भरपाई किती?

बांधकाम रखडलं की बिल्डरचं पत्र साधारण असं येतं: ‘अपरिहार्य कारणांमुळे प्रकल्पास किंचित विलंब होत असून २०२६च्या तिसऱ्या तिमाहीत ताबा देण्याचा आमचा प्रयत्न राहील. नियमानुसार देय असलेली भरपाई यथावकाश दिली जाईल.’ यात तारीख नाही, रक्कमही नाही. ‘प्रयत्न राहील’ म्हणणाऱ्याला पुढे कशावर धरायचं?

हे पत्र नव्यानं लिहायचं, तर आधी जुनी तारीख लिहावी लागते. बिल्डर तीच गाळतात, कारण भरपाई तिथूनच मोजली जाते. महारेरानं प्रकल्पाला मुदतवाढ दिली म्हणून करारनाम्यातली ताब्याची तारीख सरकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१७मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात सांगितलं. रेरा कायद्याच्या कलम १८नुसार त्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर खरेदीदार व्याजासह पैसे परत घेऊ शकतो किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात हा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक दोन टक्के.

समजा, करारातली तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती आणि त्याआधी साठ लाख भरून झाले आहेत. हिशेबाला सोपा म्हणून दर दहा टक्के धरू. मग पत्र असं होईल:

‘आपल्या करारनाम्यानुसार ३१ डिसेंबर २०२५ रोजी ताबा द्यायचा होता, तो आम्ही देऊ शकलो नाही. लिफ्टचं आणि अग्निशमन यंत्रणेचं काम बाकी आहे. भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा ३० सप्टेंबर २०२६ रोजी देऊ. आपण भरलेल्या ६०,००,००० रुपयांवर १ जानेवारी २०२६पासून वार्षिक १० टक्क्यांनी दरमहा ५०,००० रुपये व्याज दर महिन्याच्या १० तारखेला आपल्या खात्यात जमा होईल. नऊ महिन्यांचे ४,५०,००० रुपये होतात. ताबा त्याहून लांबला, तर व्याज चालू राहील. घर नको असल्यास व्याजासह पैसे परत घेण्याचा आपला हक्क कायम आहे.’

‘भोगवटा प्रमाणपत्रासह’ हे शब्द गळू देऊ नयेत. ते नसले की ‘फर्निचरसाठी ताबा’ म्हणून किल्ली हाती देतात आणि त्या दिवसापासून व्याज थांबवतात. व्याज शेवटच्या हप्त्यातून वळतं करणार असतील, तर तेही आकड्यासह लिहायला हवं. नुसतं ‘समायोजित केले जाईल’ म्हटलं की अंतिम बिलात पार्किंग आणि देखभालीच्या आकड्यांत ते व्याज शोधत बसावं लागतं.

पत्रासोबत बहुधा एक संमतीपत्रही येतं: ‘सुधारित तारीख मान्य असून आमची कोणतीही तक्रार नाही.’ लोक पहिला अर्धा भाग वाचून सही करतात. दुसरा अर्धा भाग खोडून, ‘कलम १८खालील व्याजाचा हक्क राखून’ असं हातानं लिहून मगच सही करावी आणि प्रत जवळ ठेवावी.