रास जुळते, चरण काय म्हणतो?

लग्नाच्या बायोडेटात एक ओळ हमखास असते : «रास कन्या, नक्षत्र चित्रा, चरण २». रास सगळ्यांना कळते, नक्षत्र ऐकून माहीत असतं, आणि चरणाकडे कुणी बघत नाही. गंमत अशी की या तिघांत सगळ्यात जास्त काम चरणच करतो. आणि तुमचा जन्म सिंगापूरचा असेल, तर सगळ्यात आधी चुकतो तोही चरणच.

आधी मोजमाप बघू. आकाशातला चंद्राचा वाटोळा रस्ता ३६० अंशांचा. त्याचे १२ समान भाग केले की राशी होतात, ३० अंशांची एक. त्याच रस्त्याचे २७ भाग केले की नक्षत्रं, प्रत्येकी १३ अंश २० कला (६० कलांचा एक अंश). नक्षत्राचे चार तुकडे म्हणजे चार चरण, संस्कृतात पाद. एक चरण ३ अंश २० कलांचा, आणि असे बरोबर नऊ चरण एका राशीत बसतात. चंद्र साधारण सहा तासांत एक चरण ओलांडतो. वेगात असेल तर सव्वापाच तासांत, रेंगाळला तर पावणेसात. रास मात्र सव्वादोन दिवस टिकते. म्हणून एकाच प्रसूतिगृहात एकाच दिवशी जन्मलेल्या बाळांची रास बहुधा एकच असते, चरण मात्र तीन-चार वेगवेगळे निघू शकतात.

घरात तुमचं «नावरस नाव» काय ठेवलं होतं, ते आईला विचारा. प्रत्येक चरणाला एक अक्षर ठरलेलं असतं. चित्राची चार अक्षरं पे, पो, रा, री. नावरस नाव «पो»वरून असेल तर चरण दुसरा, «रा»वरून असेल तर तिसरा. जुनी पत्रिका हरवली असली तरी या नावावरून तेव्हाच्या गुरुजींनी कोणता चरण धरला होता हे कळतं.

आता १२ला २७ने भाग जात नाही, आणि सगळी मजा इथेच आहे. राशीची रेघ काही नक्षत्रांच्या मधूनच जाते. अशी नऊ नक्षत्रं आहेत : कृत्तिका, मृग, पुनर्वसू, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा आणि पूर्वाभाद्रपदा. चित्राचे पहिले दोन चरण कन्या राशीत, पुढचे दोन तुळेत. म्हणजे नुसतं «चित्रा» म्हटलं तर रास कळतच नाही, चरण सांगावाच लागतो. गुणमेलनाचं कोष्टक सविस्तर मांडलं तर त्यात २७ नाही, ३६ ओळी होतात, त्या या नऊ दुभंगलेल्या नक्षत्रांमुळे. (जास्तीत जास्त गुणही ३६च. तो निव्वळ योगायोग. आणि मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण, हा त्याच्यावरचा कळस.)

एक जोडी घेऊ या. ती सिंगापूरची, तो पुण्याचा. दोघंही काल्पनिक, आकडे मात्र नियमानुसार. त्याचा चंद्र मकर राशीत, श्रवण नक्षत्र, तिसरा चरण. तिचा जन्म सकाळी ८ वाजून १० मिनिटांचा, आणि त्या क्षणी चंद्र कन्येच्या २८ अंश ५० कलांवर. म्हणजे चित्रा, दुसरा चरण.

गुण आठ कसोट्यांवर मोजतात, त्यांना कूटं म्हणतात : वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी. वर्णाला १ गुण, वश्याला २, असं चढत चढत नाडीला ८. या जोडीत आपल्याला दोनच कूटं बघायची आहेत. भकूट म्हणजे दोन राशींमधलं अंतर. मकरेपासून मोजत गेलं की कन्या नववी येते आणि कन्येपासून मकर पाचवी. याला नवपंचम म्हणतात, आणि नेहमीच्या कोष्टकात त्याला ७ पैकी शून्य मिळतं. काही पंचांगं शुभ आणि अशुभ नवपंचम वेगळे धरतात, पण ॲप सहसा त्या फंदात पडत नाही. ग्रहमैत्री म्हणजे राशीच्या मालकांचं एकमेकांशी कसं आहे ते. मकरेचा शनी बुधाला मित्र मानतो, कन्येचा बुध मात्र शनीशी तटस्थ. म्हणून ५ पैकी ४.

आता तिच्या मावशीने भारतातल्या एखाद्या ॲपवर जन्मवेळ ८:१० टाकली आणि टाइमझोन भारताचाच राहू दिला. सिंगापूरचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असतं. तिकडे ८:१० वाजले तेव्हा पुण्यात पहाटेचे ५:४० झाले होते. ॲपने धरलेला क्षण त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा अडीच तास उशिराचा आहे. तेवढ्या वेळात चंद्र साधारण १ अंश २२ कला पुढे सरकतो. २८ अंश ५० कलांत ते मिळवा : ३० अंश १२ कला. कन्या संपली, चंद्र तुळेत. नक्षत्र तेच, चित्रा. चरण मात्र तिसरा.

एका चरणाने काय बदललं बघा. मकर ते तूळ दहावी, तूळ ते मकर चौथी, म्हणजे भकुटाचे सातच्या सात गुण. तुळेचा शुक्र आणि मकरेचा शनी दोघंही एकमेकांचे मित्र, म्हणून ग्रहमैत्रीचे पाचही गुण. बाकीची सहा कूटं जशीच्या तशी, कारण तारा, योनी, गण आणि नाडी नक्षत्रावरून ठरतात आणि नक्षत्र बदललंच नाही. वर्ण आणि वश्य राशीवरून ठरतात, पण या जोडीत दोन्ही राशींना सारखेच गुण आहेत. एकूण फरक ८ गुणांचा. पुष्कळ घरांत १८ ही उंबरठ्याची रेघ असते, तिथे ८ गुण म्हणजे फोन उचलायचा की नाही याचा निकाल. आणि इथे चुकीच्या वेळेने जोडीला जास्त गुण दिले. तेव्हा आकडा चांगला आला म्हणून वेळ बरोबर असेल, असं गृहीत धरू नका.

हे किती जणांच्या बाबतीत होऊ शकतं, याचा हिशोब सोपा आहे. अडीच तासांची चूक रास बदलेल अशी शक्यता शंभरात साधारण पाच, नक्षत्र बदलेल अशी दहा, आणि चरण बदलेल अशी चक्क एक्केचाळीस. तुकडा जितका बारीक, तितकी वेळेची चूक त्याला जास्त लागते.

पण चरणाचं काम एवढ्यावर संपत नाही. राशीचे नऊ तुकडे म्हणजे नवांश. प्रत्येक चरण हा एक नवांश, आणि प्रत्येक नवांशाला पुन्हा एक रास दिलेली असते. त्याच्या श्रवणाच्या तिसऱ्या चरणाचा नवांश मिथुन. तिच्या खऱ्या चरणाचा, म्हणजे चित्राच्या दुसऱ्याचा, नवांश कन्या. दोन्हींचा मालक बुध. राशींमध्ये भकूटदोष असला, पण नवांशांचे मालक एकच किंवा मित्र असले, तर दोष सुटतो असं ज्योतिषी मानतात. म्हणजे बरोबर वेळ टाकल्यावर सात गुण गेले खरे, पण त्याच चरणाने दोष मिटवायची वाटही दिली. ॲपच्या बेरजेत हे बहुधा दिसत नाही. तिथे शून्य ते शून्यच राहतं, म्हणून «आकडा कमी आला» हे ऐकल्यावर «नवांश पाहिला का?» हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

तसंच नाडीचं. दोघांचं नक्षत्र एकच असेल तर नाडीही एकच, ८ पैकी शून्य, आणि घरात «एकनाड आहे» म्हणून कुजबुज सुरू. पण इ. स. १६००च्या सुमारास काशीत रामदैवज्ञाने लिहिलेल्या मुहूर्तचिंतामणीतही याला सूट आहे : नक्षत्र एक पण चरण वेगळे असतील तर दोष धरत नाहीत. दोघंही रोहिणीची, एक पहिल्या चरणात आणि दुसरा तिसऱ्या, तर चालतं. दोघांचा चरणही एकच असेल तेव्हाच अडचण.

इथवर आपण धरून चाललो की वेळ बरोबर टाकली की चरण पक्का. तेही पूर्ण खरं नाही. मेष राशीची सुरुवात आकाशात नेमकी कुठे, यावर पंचांगांचं एकमत नाही. बहुतेक ॲप आणि भारत सरकारचं राष्ट्रीय पंचांग चित्रापक्ष धरतात, ॲपच्या सेटिंगमध्ये तो `Lahiri` या नावाने दिसतो. पुण्याचं टिळक पंचांग रैवतपक्ष धरतं. दोघांच्या आरंभबिंदूंत जवळपास चार अंशांचं अंतर आहे, म्हणजे एका अख्ख्या चरणाहून जास्त. तेव्हा टिळक पंचांगाप्रमाणे सगळ्यांचाच चरण किमान एकाने पुढे जातो. आपल्या जोडीतली ती तिथे तुळेत जाते, वेळ बरोबर असूनसुद्धा. (कोकणात काही घरांतले गणपती एखाद्या वर्षी महिनाभर आधी बसतात, त्यामागेही हाच वाद.) दोन पत्रिका जुळवताना दोन्ही एकाच पद्धतीने काढलेल्या आहेत ना, हे म्हणूनच तपासावं लागतं. नाहीतर एकाची पट्टी सेंटिमीटरची आणि दुसऱ्याची इंचाची.

यात संसाराबद्दल काही खरं सांगितलं जातं का, हा वेगळा प्रश्न. माझं मत नाही असं आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवर उत्तरं दिली, त्यांपैकी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण निम्मी जमली असती. ही गुणमेलनाची चाचणी नव्हती, हेही सांगायला हवं. पण तुम्ही माना न माना, घरातलं कुणीतरी तो आकडा काढणार आहे आणि त्यावरून बोलणार आहे. तो निदान त्यांच्याच नियमांप्रमाणे बरोबर निघावा.

त्यासाठी करायचं फार थोडं आहे. जन्मदाखल्यावरची वेळ सिंगापूरच्या घड्याळाची आहे, तेव्हा टाइमझोन `Asia/Singapore` निवडा. ती निवड नसेल तर वेळेतून अडीच तास वजा करून भारतीय वेळ टाका. मध्यरात्रीनंतरच्या अडीच तासांत जन्म असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते, हे विसरू नका. शहर चुकलं तर लग्नरास बिघडते, पण चंद्राचा चरण नाही, त्याला फक्त क्षण बरोबर लागतो. १ जानेवारी १९८२च्या आधीचा, आईबाबांच्या किंवा काकांच्या पिढीतला सिंगापूरचा जन्म असेल तर अडीच नाही, दोनच तास वजा करायचे, कारण महायुद्धानंतर तोपर्यंत तिथलं घड्याळ अर्धा तास मागे होतं. मग चंद्राचे अंश बघा. ते चरणाच्या कडेपासून अर्धा अंश आत असतील तर दाखल्यावरच्या पाच-दहा मिनिटांच्या चुकीने काही बिघडत नाही. कडेलाच असतील, तर बायोडेटात दोन्ही चरण लिहा आणि वेळेपुढे «सिंगापूर वेळ» हे दोन शब्द टाका, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा तोच घोळ घालणार नाही.