मोजणी मध्येच कोसळली तर?

अपाचे फ्लिंक वाहत्या नोंदी मोजत असतो. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ या दोन वाहिन्यांतून येणाऱ्या ऑर्डरी एकच मोजणीस मोजतो आहे. फ्लिंक ठरावीक वेळाने प्रत्येक वाहिनीत नोंदींच्या मधोमध एक खूण सोडतो, तिला बॅरियर म्हणतात. ‘अ’मध्ये ती 500 नोंदींनंतर आहे, ‘ब’मध्ये 480 नोंदींनंतर.

‘अ’ची खूण आधी पोचली, की मोजणीस ‘अ’च्या पुढच्या नोंदी अडवून ठेवतो आणि ‘ब’ची खूण येईपर्यंत फक्त ‘ब’च्याच मोजतो. मग 980 हा आकडा कायमच्या साठ्यात जातो. सोबत दोन्ही वाहिन्यांतल्या जागाही नोंदल्या जातात.

आकडा 1010 वर असताना यंत्र बंद पडलं, तर फ्लिंक 980 वर परततो आणि तिथूनच नोंदी पुन्हा वाचतो. त्यासाठी अर्थात मूळ वाहिनी मागे नेता यायला हवी. अडवणूक केली नसती आणि ‘अ’च्या पुढच्या दहा नोंदी साठ्यात शिरल्या असत्या, तर त्या दोनदा मोजल्या गेल्या असत्या.

या अडवणुकीची किंमत आहेच: एक वाहिनी तुंबली, की चेकपॉइंट रेंगाळतो. शिवाय ‘नेमकं एकदाच’ हे वचन आतल्या आकड्यापुरतं. मधल्या काळात गेलेला एसएमएस परत येत नाही, उलट पुन्हा जातो. म्हणून बाहेर लिहिताना व्यवहार उघडा ठेवून, चेकपॉइंट पूर्ण झाल्यावरच तो पक्का करतात.