बिल झाल्यावरचा भाव

खरेदीआधीची घासाघीस आपल्याकडे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. गिऱ्हाईक कमी भाव सांगतं, दुकानदार थोडं उतरतो किंवा उतरत नाही, आणि कुठेतरी सौदा जमतो. दुकानदाराची खरी पंचाईत होते ती त्यानंतर. भाव ठरलेला असतो, पैसे जमा झालेले असतात, बिल हातात दिलेलं असतं. मग दोन दिवसांनी फोन येतो: "दादा, हजार रुपये तेवढे परत करा की."

नाही म्हणावं तर माणूस दुखावतो आणि हो म्हणावं तर आपलाच भाव खोटा ठरतो, अशी ही अडचण आहे. ज्यांचं दुकान ओळखीपाळखीवर चालतं, त्यांना हा प्रसंग फार जड जातो. लग्नाचा बस्ता घ्यायला एका घरातली दहा माणसं येतात आणि त्यांतलं एक जण नाराज झालं तर पुढचे दोन बस्ते दुसऱ्या दुकानात जातील, ही भीती खरी असते. म्हणून पुष्कळ दुकानदार मुकाट्याने पैसे परत करतात. माझं मत असं, की या भीतीपोटी भाव सोडू नये. आदर राखूनही भाव धरता येतो आणि त्याची एक रीत आहे.

येवल्याच्या पैठणीचं उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी हातमागावरची पैठणी घेतली. किंमत 20,000 रुपये, त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 21,000 रुपयांचं. दोन दिवसांनी त्यांचा फोन येतो. "माझ्या जावेने अगदी अशीच साडी नऊ हजारांत घेतली. तुम्ही मला फार महाग लावली. निदान हजार रुपये तरी कमी करा."

आधी तक्रार आहे का, ते पाहावं

इथे पहिली चूक होते ती लगेच बचाव सुरू करण्याची. "आमच्याकडे भाव एकच असतो, ताई" हे वाक्य कितीही खरं असलं, तरी समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकण्याआधी आलं की ते दार लावून घेतल्यासारखं वाटतं. त्यांना बोलू द्यावं आणि मग एकच प्रश्न विचारावा: "ताई, साडीत काही खोट निघाली का?"

या प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून आहे. काठाला डाग असेल, जर उसवलेली असेल, बिलात बेरीज चुकली असेल किंवा दुकानातल्या मुलाने सूट कबूल करून बिलात धरली नसेल, तर ही सवलतीची मागणी नसून तक्रार आहे, आणि ती निस्तरणं हे दुकानदाराचं काम आहे. कायदाही तेच सांगतो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत छापलेली असेल तर ती लागू होते, नसेल तर 30 दिवस धरले जातात. अशा वेळी भाव धरून बसणं म्हणजे अन्याय. किरकोळ खोट असूनही गिऱ्हाइकाला साडी ठेवायची असेल, तर पैसे कमी करावेत आणि त्याचं कारण कागदावर लिहून द्यावं.

आपल्या उदाहरणात मात्र बाई म्हणतात, "नाही हो, साडी छान आहे. फक्त महाग पडली." म्हणजे खोट नाही, तुलना आहे. तुलनेला उत्तर देण्याआधी ती बरोबरीच्या दोन वस्तूंची आहे का, हे पाहावं लागतं.

पदर उलटा करून पाहा

नऊ हजारांची आणि वीस हजारांची पैठणी फोटोत सारखीच दिसते, कारण फोटोत फक्त वरची बाजू असते. फरक पदराच्या मागे असतो. हातमागावर विणकर पदरावरचे मोर आणि वेली रंगीत धागे हाताने एकमेकांत गुंतवून विणतो, त्यामुळे पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या साडीत नक्षीचे धागे मागून सुटे जातात किंवा कापलेले दिसतात. बाजारात जिला सेमी पैठणी म्हणतात, तिच्यात रेशमाबरोबर किंवा रेशमाऐवजी दुसरा धागाही असू शकतो. हातमागावरची एक साडी उतरायला काही आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असेल तर महिने. किमतीतला फरक तिथून येतो.

म्हणून दुकानदाराचं उत्तर असं असावं: "ताई, दोन्ही साड्यांचे पदर उलटे करून शेजारी ठेवा. तुमच्या साडीची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसेल. जाऊबाईंच्या साडीला मागे सुटे धागे असतील, तर ती यंत्रमागाची आहे. तीही चांगली असेल, पण ती वेगळी वस्तू आहे." या उत्तरात जाऊबाईंच्या साडीला नावं ठेवलेली नाहीत आणि बाईंना अडाणीही ठरवलेलं नाही. त्यांना स्वतः तपासता येईल अशी खूण दिली आहे. भाव बरोबर असल्याची खात्री गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांनी झाली, तर वादाचं कारणच उरत नाही.

अर्थात हे उत्तर द्यायचं, तर साडी खरोखर हातमागाची असली पाहिजे. दोन्ही पदर सारखेच निघाले, तर दुकानदाराने आपल्या भावाकडे नव्याने पाहायला हवं.

हजार रुपये कुठून जातात

आता समजा, बाईंनी पदर पाहिले, फरक मान्य केला, पण म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण हजाराने तुमचं काय जातंय?" वीस हजारांत हजार म्हणजे अवघे पाच टक्के, असं त्यांना वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आतला हिशेब त्यांना दिसत नाही.

समजा, दुकानदाराने ही साडी विणकराकडून 16,000 रुपयांना घेतली. हाताशी 4,000 राहिले. त्यातून गाळ्याचं भाडं, नोकरांचे पगार, वीज आणि सहा-सहा महिने कपाटात पडून राहणाऱ्या मालात अडकलेल्या पैशाचं व्याज, असे 2,800 रुपये गेले. दुकानदाराचे स्वतःचे उरले 1,200. हजार परत दिले, तर दोनशे उरतात. किमतीतली पाच टक्के सूट म्हणजे कमाईतली ऐंशी टक्क्यांहून जास्त रक्कम.

शिवाय कराचा हिशेब आहे. बिल करतानाच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट किमतीतून सरळ वजा होते आणि कर उरलेल्या रकमेवर लागतो. बिल झाल्यावर गल्ल्यातून काढून दिलेल्या हजाराचं तसं होत नाही. कर पूर्ण 20,000 वर आकारून झालेला असतो. नंतरच्या सवलतीसाठी निराळे कागद करावे लागतात.

हा हिशेब दुकानदाराने स्वतःपाशी स्पष्ट ठेवावा, पण गिऱ्हाइकाला ऐकवू नये. "आम्हाला परवडत नाही" म्हटलं की बोलणं साडीवरून दुकानदाराच्या खिशावर जातं, आणि खिशाबद्दल घासाघीस करता येते. "आमचीच खरेदी एवढ्याची आहे" हे तर बहुतेक वेळा खोटं असतं आणि गिऱ्हाईक ते ओळखतं. "मालकांना विचारून सांगतो" हे सगळ्यांत घातक, कारण त्यातून एकच निरोप जातो: भाव अजून पक्का झालेला नाही. म्हणून दुकानातल्या प्रत्येकाचं उत्तर एकच हवं, मग फोन मालकाने उचलो की कालच कामाला लागलेल्या मुलाने.

नकार आणि मोकळीक

मग म्हणायचं काय? एक सरळ वाक्य पुरतं: "ताई, भाव तुम्हाला सांगितला तोच सगळ्यांना आहे, त्यामुळे बिल झाल्यावर मी तो बदलत नाही." यातलं कारण दुकानदाराच्या गरजेचं नाही, इतर गिऱ्हाइकांशी ठेवलेल्या न्यायाचं आहे. त्याच दिवशी तशीच साडी दुसऱ्या कुणी काही न बोलता पूर्ण पैसे देऊन नेली असेल. मागणाऱ्याला हजार परत आणि विश्वास ठेवणाऱ्याला काहीच नाही, असा व्यवहार झाला, तर विश्वास ठेवणं तोट्याचं ठरतं. ही बातमी नातेवाइकांत पोचायलाही वेळ लागत नाही. "कुणाला सांगू नका" म्हणून दिलेली सूट सगळ्यांत आधी सांगितली जाते.

हे वाक्य बोलून थांबावं. पाठोपाठ कारणांची रांग लावली, तर प्रत्येक कारण नव्या वादाला जागा देतं.

आणि त्यानंतर मोकळीक द्यावी: "तरीही साडी महाग वाटत असेल, तर घडी मोडलेली नसताना, टॅगसकट, बिलावर दिलेल्या मुदतीत परत आणा. पूर्ण पैसे देतो." माझ्या मते नकाराला सभ्यपणा येतो तो या वाक्याने. भाव धरला आहे, पण माणसाला अडकवलेलं नाही. या भावाला ही साडी हवी की नको, हे ठरवणं पुन्हा बाईंच्या हातात आलं. पुष्कळदा अशा वेळी गिऱ्हाईक साडी ठेवतं, कारण साडी मनापासून आवडलेली असते.

या मोकळिकीला मर्यादा आहे आणि ती आधीच सांगायला हवी. फॉल-पिको झाला, ब्लाउजचं कापड कापलं किंवा साडी नेसून झाली, की ती परत घेता येत नाही. हा नियम बिलावर ठळक छापलेला असावा आणि पैसे घेताना तोंडीही सांगितलेला असावा. फोन आल्यावर पहिल्यांदा सांगितलेला नियम पळवाटेसारखा वाटतो.

नकारानंतर काहीतरी द्यायचंच असेल, तर सगळ्यांना मिळतं तेच द्यावं: नीट घडी घालण्याची आणि साडी सुती कापडात ठेवण्याची माहिती, दुकानाची ठरलेली मोफत फॉलची सेवा. खास त्या फोनसाठी शोधून काढलेली भेटवस्तू किंवा "पुढच्या वेळी कमी करतो" हा वायदा म्हणजे सवलतच, फक्त उशिरा दिलेली.

एक प्रसंग मात्र अपवादाचा आहे. उद्यापासून सेल लागणार हे ठाऊक असताना आज पूर्ण भावाने साडी विकली आणि गिऱ्हाइकाला त्याची कल्पना दिली नाही, तर फरक परत करणंच योग्य. तिथे भाव कमी करायचा नसतो, लपवलेली गोष्ट दुरुस्त करायची असते.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी घासाघीस सोडून एकच भाव सांगायला सुरुवात केली. जो भाव आपण शेवटी घेणार नाही तो आधी सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं ते मानत. बिलानंतरच्या सवलतीचा प्रश्न त्याच मुळाशी जातो. घासाघिशीसाठी दोन हजार चढवून लावलेला टॅग बिलानंतर धरून ठेवता येत नाही, कारण त्यात सोडण्याजोगं काही आहे हे दुकानदारालाही माहीत असतं आणि ते त्याच्या आवाजात उतरतं. ज्या भावाला तो स्वतः त्या दिवशी तीच साडी विकत घेईल, तोच भाव टॅगवर लिहिलेला असेल, तर फोनवर नाही म्हणताना आवाज चढवावा लागत नाही.