मुखपृष्ठ नको, चित्र हवे

चित्रे काढणाऱ्या एआयला ‘मराठी कादंबरीचे मुखपृष्ठ बनव, वर शीर्षकासाठी जागा सोड’ असे सांगितले, की बहुतेक वेळा टेबलावर उभे केलेले एक पुस्तक समोर येते. त्याला कणा असतो, सावली असते आणि दर्शनी बाजूवर शिरोरेखेला लटकलेली अक्षरेही असतात. लांबून ती देवनागरी वाटतात. जवळ गेल्यावर कळते, की त्यातले निम्मे आकार कोणत्याच लिपीत नाहीत.

हा दोष विनंतीच्या शब्दांतच असतो. अशा प्रणाली चित्र आणि त्याचे वर्णन यांच्या असंख्य जोड्यांवर शिकलेल्या असतात. ज्या चित्राखाली ‘मुखपृष्ठ’ लिहिलेले असते त्यावर शीर्षक छापलेले असतेच, त्यामुळे तो शब्द आला की अक्षरेही आपोआप ओढली जातात. शिकताना वाट्याला आलेली अक्षरे मुख्यतः रोमन असल्याने देवनागरीतली जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या अजून घसरतात. नव्या प्रणाली यात सुधारल्या आहेत, पण छापायला द्यावे इतका भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही. म्हणून प्रॉम्प्ट लिहिताना पहिला निर्णय असा करावा: मुखपृष्ठ मागायचेच नाही. मागायचे ते एक चित्र, ज्याच्यावर शीर्षक नंतर माणूस बसवील.

समजा, एखाद्या प्रकाशकाला ‘मोचनगड’ची नवी आवृत्ती काढायची आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ही शिवकालीन कादंबरी १८७१ मध्ये आली आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. गुंजीकर १९०१ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा मजकूर मोकळा आहे. उरतो प्रश्न मुखपृष्ठाचा.

सुरुवात चित्रापासून न करता शीर्षकापासून करावी. ‘मोचनगड’ हा एकच छोटा शब्द. तो एका ओळीत ठसठशीत बसतो. वर ‘मो’ची मात्रा शिरोरेखेच्या पलीकडे जाते, खाली मात्र एकही उकार नाही. म्हणजे शब्दाच्या वर थोडी जास्त हवा लागेल, खाली कमी चालेल. डेमी आकाराचे पुस्तक साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. शीर्षक, त्याखाली लेखकाचे नाव आणि भोवतीची मोकळीक धरली, तर वरचा सुमारे चाळीस टक्के भाग रिकामा हवा. हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ असती, तर हे गणित बदलले असते. चार शब्द, दोन ओळी आणि शेवटी प्रश्नचिन्ह. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकू नयेत म्हणून देवनागरीत दोन ओळींमधले अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावे लागते. तिथे निम्मे पान लागले असते.

आता ही जागा मागायची कशी? ‘रिकामी जागा सोड’ हे वाक्य एआयला फारसे कळत नाही. कधी ते तिथे पांढरी पट्टी ओढते, कधी कोरी पाटी टांगते, कधी नक्षीदार चौकट काढते. रिकामपण ही गोष्ट चित्रात नसते. चित्रात आभाळ असते, भिंत असते, धुके असते, पाणी असते. त्यामुळे कोऱ्या जागेचे वर्णन एखाद्या वस्तूसारखे करावे लागते, ती वस्तू कथेतलीच असावी आणि तिच्यात तपशील नसावा. सह्याद्रीतल्या गडाच्या कादंबरीला हे सोपे जाते, कारण पावसाळ्यापूर्वीचे भरून आलेले राखी आभाळ स्वभावतःच सपाट असते. आपट्यांच्या कौटुंबिक कादंबरीसाठी आभाळ निरुपयोगी. तिथे वाड्यातली चुन्याने सारवलेली भिंत मागावी आणि खिडकीतून आलेला उजेडाचा तुकडा तळाशी पडू द्यावा.

कादंबरीची जातकुळीही अशीच वस्तूंतून सांगावी लागते. ‘थरारक’, ‘भव्य’, ‘ऐतिहासिक’ ही विशेषणे मलपृष्ठावर शोभतात. प्रॉम्प्टमध्ये घातली, की त्यांचे ठरीव अर्थ चित्रात उतरतात: भव्य म्हटले की सूर्यास्त, थरारक म्हटले की विजा. त्याऐवजी उजेड कुठून येतो, पाहणारा किती लांब उभा आहे, हवा कशी आहे आणि रंग किती आहेत, एवढे सांगितले तर भाव आपोआप तयार होतो. गड लांबून आणि खालून पाहिला, तर तो दुर्गम वाटतो. दरवाजाशी उभे राहून पाहिला, तर तोच आसरा वाटतो. यातले काय हवे, हे कादंबरी वाचलेल्या माणसानेच ठरवायचे.

सगळ्यांत जास्त चुका गडातच होतात. नुसते ‘किल्ला’ म्हटले, की युरोपातल्या टोकदार छपरांचे मनोरे येतात. ‘भारतीय किल्ला’ म्हटले, की राजस्थान येते: पिवळसर दगड, छत्र्या, झरोके. ‘मराठा किल्ला’ म्हटल्यावर थोडे जवळ जाता येते, तरी कडा चुकतो. सह्याद्रीचा गड म्हणजे मुख्यतः डोंगरच असतो. काळ्या बेसाल्टचे आडवे थर एकावर एक, मधे गवताच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्या, माथा सपाट, आणि त्या सपाटीच्या कडेने जेमतेम दिसणारी तटबंदी. बांधकाम कमी, कातळ जास्त. गोमुखी दरवाजासारखा शब्द तसाच दिला, तर एआय गाईचे तोंड कोरलेली कमान काढू शकते. म्हणून नाव न देता आकार सांगावा: दोन गोलसर बुरूज पुढे-मागे, त्यांच्या आड लपलेली वाट, समोरून दरवाजा दिसत नाही. चित्रणाच्या बाबतीत हा नियम सगळीकडे लागू पडतो. नऊवारी हवी असेल, तर काष्टा कसा जातो हे लिहावे, नाहीतर निऱ्यांची सहावारी येते.

हे सगळे धरून ‘मोचनगड’साठीचा प्रॉम्प्ट साधारण असा होईल:

```
उभे जलरंगातले चित्र, प्रमाण २:३, कागदाचा पोत दिसणारा.
खालच्या ६० टक्के भागात लांबून, खालून दिसणारा सह्याद्रीचा गड:
सपाट माथा, काळ्या बेसाल्टचे आडवे थर, मधे वाळक्या गवताच्या पट्ट्या,
माथ्याच्या कडेने बुटकी दगडी तटबंदी, दोन गोलसर बुरूज.
पायथ्याच्या वाटेवर पाठमोरा एकच माणूस, खूप लहान.
वरचा ४० टक्के भाग एकसलग फिकट राखी आभाळ, पावसाआधीचे,
त्यात ढगांच्या कडा, पक्षी, सूर्य, चंद्र काहीही नाही.
रंग तीनच: राखी, काळपट तपकिरी, वाटेवर थोडी हळद.
अक्षरे, सही, चौकट नाही.
```

संवादातून चालणाऱ्या चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारख्या साधनांना मराठी सूचना समजते. मिडजर्नीसारख्या साधनात हेच इंग्रजीत लिहिलेले बरे. तिथे प्रमाण आणि नकार शेवटी वेगळ्या खुणांनी देतात:

```
--ar 2:3 --no text, birds, sun, frame
```

‘पाठमोरा, खूप लहान’ हे मुद्दाम घातलेले आहे. चेहरा आला की वाचक तो नायकाचाच समजतो, आणि एआयचा चेहरा बहुधा गुळगुळीत, आजच्या जाहिरातीतला असतो. शिवाय जवळून दिसणाऱ्या मावळ्याच्या अंगावर भलत्याच देशातले चिलखत चढायला वेळ लागत नाही.

पहिल्या खेपेला जागा स्वच्छ मिळेलच असे नाही. मोकळे आभाळ दिसले, की पक्ष्यांची रांग काढायची या साधनांना फार हौस. पक्षी नेमके ‘मो’ आणि ‘च’च्या मधे येतात. अशा वेळी सगळा प्रॉम्प्ट पुन्हा चालवण्यापेक्षा फक्त आभाळाचा भाग निवडून तेवढाच नव्याने काढून घ्यावा. बहुतेक साधनांत ही सोय आहे. चित्र पसंत पडले, की त्याची कृष्णधवल प्रत करावी आणि त्यावर शीर्षक ठेवून पाहावे. रंग काढून टाकल्यावरही अक्षरे उठून दिसत असतील, तर जागा खरोखर कोरी आहे. मग तेच चित्र दोन सेंटिमीटर रुंदीचे करून फोनवर पाहावे, कारण ऑनलाइन विक्रीच्या पानावर ग्राहकाला ते साधारण तेवढेच दिसते. त्या आकारात वाटेवरचा माणूस नाहीसा झाला तरी चालेल. गडाची आडवी रेघ आणि शीर्षक मात्र उरले पाहिजे.

छपाईच्या बाजूने एक हिशेब आधीच करावा लागतो. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड धरून, तीनशे डीपीआयला डेमी मुखपृष्ठ सुमारे १७२१ बाय २६२१ पिक्सेल होते. या साधनांतून मिळणारे चित्र अनेकदा १०२४ बाय १५३६ असते, म्हणजे ते सुमारे पावणेदोन पट मोठे करावे लागते. २:३ प्रमाण डेमीच्या इतके जवळ आहे, की रुंदीत जेमतेम दोन मिलिमीटर कापले जातात. जलरंगाचे चित्र मोठे केल्यावर फारसे बिघडत नाही. फोटोसारख्या चित्रात मात्र गवताची पाती आणि दगडांच्या कडा चिकट दिसू लागतात. पडद्यावरचा झळाळता निळा किंवा शेंदरी रंग सीएमवायके छपाईत मंद होतो, हेही लक्षात ठेवावे. राखी-तपकिरी रंगसंगतीचा हा आणखी एक फायदा.

प्रॉम्प्टमध्ये ‘दीनानाथ दलालांच्या शैलीत’ असे लिहिण्याचा मोह मराठी माणसाला होणारच. दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०३१ अखेरपर्यंत आहेत. शैलीवर कायद्याने हक्क सांगता येत नाही हे खरे, पण एआयला दलालांची खरी ओळख असण्याची शक्यताही कमीच. येते ते कॅलेंडरातल्या देवीसारखे काहीतरी. आजच्या, हयात चित्रकाराचे नाव घालून त्याच्या पोटावर पाय देणे तर सरळसरळ गैर. दुसरी अडचण मालकीची. निव्वळ प्रॉम्प्टमधून निघालेल्या चित्रावर अमेरिकेचे कॉपीराइट कार्यालय हक्काची नोंद देत नाही. आपल्याकडे हा प्रश्न अजून स्पष्ट सुटलेला नाही. उद्या दुसऱ्या कोणी तेच आभाळ आणि तोच गड उचलला, तर प्रकाशकाच्या हाती काय राहील, हे सांगणे अवघड आहे.

म्हणून या चित्राची योग्य जागा संकल्पनेची आहे. लेखक, प्रकाशक आणि चित्रकार यांच्या पहिल्या बैठकीत ते टेबलावर ठेवावे. ‘गड लांबून हवा, चेहरा नको, वरचे चाळीस टक्के आभाळ’ हे शब्दांत तासभर सांगण्यापेक्षा चित्र दाखवून पाच मिनिटांत ठरते. अंतिम चित्र चित्रकाराने काढावे आणि ‘मोचनगड’ ही अक्षरे लेटरिंग करणाऱ्याकडून करून घ्यावीत, नाहीतर चांगला देवनागरी टाइप निवडावा. दोघांच्या मानधनाची तरतूद प्रकाशकाने अंदाजपत्रकातच करून ठेवावी.