फी भरण्यापूर्वी

आपल्या मंडळातील एका भगिनीने मध्यंतरी विचारले, "दहा वर्षे हिशेबाच्या कामात गेली. आता पंधरा हजार डॉलर भरून तीन महिन्यांचा कोडिंग बूटकॅम्प करावा का? ८० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते म्हणे."

हे ८० टक्के कशाचे, ते आधी पाहू. समजा, १०० जणांनी नाव घातले आणि ३० जणांनी मध्येच सोडले. उरलेल्या ७० पैकी २० जणांनी ठरलेल्या संख्येइतके अर्ज केले नाहीत, म्हणून त्यांना 'नोकरी न शोधणारे' ठरवून वगळले. राहिले ५०, त्यांतल्या ४० जणांना नोकरी लागली. जाहिरातीत ८० टक्के, फी भरणाऱ्याच्या हिशेबात ४०! त्यांतही काहींना त्याच संस्थेने शिकवणीला ठेवलेले असू शकते.

ही शंका पोकळ नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने ब्लूमटेकवर कारवाई केली. जाहिरातीतले ७१ ते ८६ टक्के प्रत्यक्षात ५०च्या आसपास, कधी ३०पर्यंत उतरलेले होते, असे विभागाने म्हटले.

म्हणून नाव घातलेल्या सर्वांचा हिशेब, मिळालेल्या हुद्द्यांसह, लेखी मागावा. टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावे.

त्याआधी स्वतःलाही तपासावे. हार्वर्डचा CS50 घरबसल्या फुकट करता येतो. नोकरी सांभाळून दोन महिने त्यातले गृहपाठ स्वतः सोडवावेत. गोडी टिकली नाही, तर पंधरा हजार वाचले. टिकली, तर हिशेबाचा अनुभव जिथे उपयोगी पडेल अशाच कामांकडे वळावे. तिथे आपण अगदीच नवखे नसतो.

त्या भगिनी सध्या गृहपाठ करीत आहेत. फी अजून भरलेली नाही.