सीन चौदा: नंदा पतसंस्थेत जाते

दोघांनी मिळून पटकथा लिहायची तर कामाची वाटणी बहुतेक वेळा अशी होते: एकजण सगळ्या गोष्टीची वनलाइन काढतो, दुसरा ती फुलवतो. वनलाइन म्हणजे प्रत्येक सीनसाठी एक वाक्य. माझा सहलेखक वाक्यं काढण्यात पटाईत आहे, मला सीन लिहायला आवडतं. त्याने पाठवलेलं एक वाक्य असं होतं:

‘सीन १४. नंदा मंगळसूत्र सोडवायला पतसंस्थेत जाते, पण न सोडवताच परत येते.’

वाक्य बिनचूक आहे. काय घडतं ते कळतं, शेवटी पारडं फिरतं हेही कळतं. ‘का’ तेवढं त्यात नाही. सीन लिहिणाऱ्याचं काम म्हणजे मुख्यतः हा ‘का’ शोधणं, आणि तो पात्राने बोलून न दाखवता प्रेक्षकाला कळेल अशी सोय करणं.

लिहायला बसण्याआधी मी आजूबाजूची वाक्यं पुन्हा वाचतो. सीन १३ मध्ये जाऊबाई फोन करून सांगते, उद्या पुतणीचा साखरपुडा आहे, लवकर ये. सीन १५ मध्ये नंदा बेन्टेक्सचं मंगळसूत्र घालून तिथे जाते आणि जाऊबाईच्या ते लक्षात येतं. म्हणजे माझी दोन्ही टोकं बांधलेली आहेत. नंदा घाईने, थोडी लाजत आत शिरणार आणि मोकळ्या गळ्याने बाहेर येणार. मधल्या तीन मिनिटांत काय करायचं ते माझ्यावर. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो, म्हणून माझ्याकडे तीनच पानं.

‘का’ची पहिली सुचणारी उत्तरं बहुधा वाईट असतात. पैसे कमी पडले, हे त्यातलं पहिलं. मग नंदा बिचारी ठरते, सीन म्हणजे नुसता अडथळा होतो, आणि तिने काही केलंच नाही असं होतं. दुसरं उत्तर जास्त चटकदार: नवऱ्याने ते आधीच सोडवून विकलंय. पण सहलेखकाच्या सीन २० मध्ये नवरा निर्दोष आहे. एका सीनची चमक वाढवायला मी त्याची पुढची सहा वाक्यं मोडीत काढायची, हा सहलेखनातला सगळ्यात मोठा अपराध.

उत्तर मिळालं त्याच्याच सीन २ मध्ये. तिथे नंदा भाड्याच्या पिको-फॉल मशीनवर काम करते आणि मालकीण दर महिन्याला मशीन परत मागते, एवढंच होतं. म्हणजे पैसे आहेत, पुरेसे आहेत, आणि तरीही ती सोडवत नाही. मी फोन केला. तो म्हणाला, ‘हे मी ठरवलं नव्हतं, पण चालेल.’ असा फोन लिहिण्याआधी करावा, नंतर केला की भांडण होतं.

आता जागा. मी पहिला मसुदा लिहिला तेव्हा काउंटरवरचा कारकून नंदाचा शाळेतला वर्गमित्र निघाला होता. तिने दीड पान त्याला मशीनची, नवऱ्याची, जाऊबाईची सगळी हकिगत सांगितली. सहलेखकाने समासात एकच शब्द लिहिला: ‘रेडिओ.’ बरोबर होतं ते. डोळे मिटून नुसते संवाद ऐकले आणि सगळं समजलं, तर त्या सीनला जागेची गरजच नव्हती. तोच संवाद बसस्टँडवरही झाला असता.

मग मी पतसंस्थेत काय काय असतं ते आठवत बसलो. बाहेर चपला. बाकावर ताटकळलेली माणसं. तारणाची पावती, जी बायका घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवतात. दोरीने बांधलेलं पेन. आणि भरणा स्लिप. त्या स्लिपवर रक्कम दोनदा लिहायची असते, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरी. मला सीन तिथे सापडला.

कर्ज तीस हजारांचं, व्याजदर वर्षाला बारा टक्के, वर्ष पूर्ण. म्हणजे व्याज ३,६०० आणि एकूण ३३,६००. नंदाच्या पाकिटात ३५,०००. आकडे गोल ठेवले, कारण प्रेक्षकाला मनात हिशेब करता आला पाहिजे.

आता बीट. अभिनेत्यांना सीन तुकड्यातुकड्यांनी वाचायला स्तानिस्लाव्स्कीने शिकवलं. इंग्रजीतला ‘बिट’ रशियन उच्चारात ‘बीट’ झाला अशी एक आख्यायिका आहे, खरी असो-नसो. माझ्यापुरता बीट म्हणजे पात्राला त्या क्षणी जे हवं असतं ते बदलणं.

पहिल्या तुकड्यात नंदाला कोणी ओळखू नये असं वाटतंय. पदर गळ्याभोवती घट्ट, पावती मुठीत. शेजारची म्हातारी विचारते, ‘सोडवायला का ठेवायला?’ नंदा म्हणते, ‘सोडवायला,’ जरा मोठ्यानेच. हे दोन शब्द तिची लाज सांगतात, वेगळं काही लिहावं लागत नाही.

दुसऱ्यात तिला काम उरकायचंय. कारकून वर न बघता रक्कम सांगतो आणि स्लिप सरकवतो. ती आकड्यात लिहिते: ३३,६००.

तिसरा तुकडा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महाग. अक्षरी रकमेच्या ओळीवर पेन येतं आणि ‘तेहतीस’ लिहून थांबतं. ती पाकिटातल्या नोटांकडे बघते. विचारते, ‘फक्त व्याज भरलं तर?’ कारकून पहिल्यांदा वर बघतो. ‘नूतनीकरण होईल. आणखी बारा महिने.’

चौथ्यात ती दुसरी स्लिप मागते. ‘तीन हजार सहाशे फक्त.’ हे ती एका दमात लिहिते. पहिली स्लिप फाडत नाही, घडी करून ठेवते. मला ती आधी फाडायला हवी होती, पण फाडणं हे सिनेमातल्या बाईचं झालं. नंदा कागद वाया घालवत नाही.

मंगळसूत्र सीनमध्ये दिसतच नाही. मोह झाला होता: पाकीट उघडून काट्यावर ठेवलेलं सोनं, तिचे डोळे भरून येणं. पण एकदा ते दिसलं की नंदा त्यागाची मूर्ती होते, आणि आपण तर हिशेब करणारी बाई लिहीत होतो. शेवटी ती चपला घालते तेव्हा पदर खांद्यावरून सैल पडलेला असतो. ती आनंदी नाही, पण घाईतही नाही.

सीन जमला की नाही हे मी एका तपासणीने ठरवतो: एकेक बीट झाकून वाचायचं. म्हातारीचं झाकलं तर लाज नाहीशी होते, म्हणून ते राहिलं. कारकून चहा मागवतो असं एक बीट होतं, झाकल्यावर काहीच बिघडलं नाही, ते गेलं.

एक गोष्ट मात्र मला आधी दिसली नाही. नंदा आता स्वतः ठरवून मोकळ्या गळ्याने बाहेर आली होती. मग सीन १५ मध्ये जाऊबाईच्या नजरेने तिने खजील होणं पटेना. मी उगीच वाद नको म्हणून गप्प बसलो. रात्री साडेअकराला सहलेखकाचा मेसेज आला:

‘सीन १५. जाऊबाई विचारते, खोटं आहे का? नंदा म्हणते, हो, मशीन खरी आहे.’

खाली त्याने लिहिलं होतं, ‘संवाद तू बदल. मला माहितीये, हा रेडिओ आहे.’