विश्लेषण : ‘सेल्फी’ला शब्दकोशात जागा मिळायला बारा वर्षे का लागली?

दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इंग्रजी शब्दकोशांचे प्रकाशक ‘वर्षाचा शब्द’ जाहीर करतात. मग ‘असले शब्दही आता शब्दकोशात घेणार का?’ अशी कुरकुर सुरू होते. कुणाला भाषा बिघडल्याचे वाटते, तर कुणाला आपल्या पिढीच्या बोलण्याला मान्यता मिळाल्याचा आनंद होतो. पण शब्दकोशातली नोंद म्हणजे शाबासकी नव्हे आणि परवानगीही नव्हे. त्या शब्दाच्या वापराचा पुरेसा पुरावा हाती आला, एवढाच तिचा अर्थ असतो. हा पुरावा कसा जमतो, कसा तपासला जातो आणि कुठे फसतो, हे ‘सेल्फी’ या शब्दाच्या प्रवासातून नीट समजते.

‘सेल्फी’ पहिल्यांदा कुठे दिसला?

ऑक्सफर्डच्या संपादकांना सापडलेला सर्वांत जुना वापर १३ सप्टेंबर २००२ चा आहे. ऑस्ट्रेलियातला एक तरुण मित्राच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या पार्टीत दारू पिऊन पायऱ्यांवर तोंडावर पडला. ओठाला टाके पडले. त्या टाक्यांबद्दल सल्ला विचारताना त्याने ओठाचा फोटो एका ऑनलाइन चर्चेत टाकला. फोटो धूसर आल्याबद्दल त्याने माफी मागितली आणि तो ‘सेल्फी’ असल्याचे सांगितले.

शब्दही अगदी ऑस्ट्रेलियन घडणीचा आहे. तिथे मूळ शब्द तोडून त्याला शेवटी ‘ई’ लावायची सवय आहे. बार्बेक्यूचे ‘बार्बी’ होते आणि अग्निशमन दलाच्या जवानाला ‘फायरी’ म्हणतात. तसाच हा ‘सेल्फी’. मात्र तो शब्द आपण तयार केलेला नाही, तेव्हा मित्रमंडळीत तो बोलला जात होता, असे त्या तरुणाने पुढे सांगितले. हा फरक महत्त्वाचा आहे. शब्दकोशात दिसते ती पहिल्या सापडलेल्या लेखी पुराव्याची तारीख. शब्दाचा जन्म बहुधा त्याच्या आधीच कुणाच्या तरी गप्पांमध्ये झालेला असतो.

शब्दकोशकारांच्या नजरेत शब्द कसा येतो?

एकोणिसाव्या शतकात हे काम कागदी चिठ्ठ्यांवर चाले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना आवाहन केले होते : पुस्तके वाचा, लक्षवेधी शब्द दिसला की ते वाक्य, पुस्तकाचे नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून पाठवा. अशा लाखो चिठ्ठ्यांतून तो शब्दकोश उभा राहिला आणि त्याची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली.

आज चिठ्ठ्यांच्या जोडीला संगणकात साठवलेला मजकुराचा मोठा संग्रह असतो. त्याला ‘कॉर्पस’ म्हणतात. ‘सेल्फी’च्या काळात ऑक्सफर्डचे सॉफ्टवेअर दर महिन्याला चालू वापरातले सुमारे १५ कोटी शब्द गोळा करत होते. आधी न दिसलेला किंवा अचानक वाढलेला शब्द त्यात वर येतो. पण वर आलेले सगळेच काही नवे शब्द नसतात. त्यात टायपिंगच्या चुका असतात, माणसांची आणि कंपन्यांची नावे असतात. ती वेगळी काढायला माणूसच लागतो.

आकडा मोठा असला की पुरे होते का?

नाही. २०१३ मध्ये ‘सेल्फी’चा वापर एका वर्षात १७ हजार टक्क्यांनी वाढल्याचे ऑक्सफर्डने सांगितले, तेव्हा त्या आकड्याच्या बातम्या झाल्या. पण टक्केवारी एवढी फुगते, कारण आदल्या वर्षीचा वापर फार थोडा असतो. म्हणून संपादक आकड्याच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष वाक्ये वाचतात.

वाचताना ते तीन गोष्टी बघतात. पहिली, उदाहरणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? एकाच वृत्तसंस्थेची बातमी पन्नास वर्तमानपत्रांनी छापली, तर तो पुरावा पन्नासपट होत नाही. दुसरी, शब्द त्याच्या मूळ गटाबाहेर पडला आहे का? एका कॉलेजात किंवा एकाच कलाकाराच्या चाहत्यांत फिरणारा शब्द अजून सर्वांचा झालेला नसतो. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे : लिहिणारा शब्दाचा अर्थ समजावतो आहे, की वाचकाला तो माहीत आहे असे धरून चालला आहे? सुरुवातीला शब्द अवतरणचिन्हांत येतो आणि पुढे ‘म्हणजे स्वतःच स्वतःचा काढलेला फोटो’ असे स्पष्टीकरण जोडलेले असते. हळूहळू स्पष्टीकरण जाते, मग अवतरणचिन्हेही गळतात. तिथे शब्द रुळला असे समजायचे. ‘हा नवा शब्द ऐकलात का?’ छापाचे लेख मात्र पुरावा म्हणून कच्चे ठरतात. त्यांत शब्दाविषयी चर्चा असते, शब्दाचा वापर नसतो.

मग बारा वर्षे कशात गेली?

२००२ नंतर बरीच वर्षे ‘सेल्फी’ तुरळकच दिसत होता. शब्द होता, पण त्या गोष्टीची रोज गरज पडत नव्हती. २०१० मध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा आला आणि त्याच वर्षी इन्स्टाग्राम सुरू झाले. स्वतःचा फोटो काढून लगेच दाखवणे सोपे झाले. २०१२ च्या सुमारास मोठी वर्तमानपत्रेही हा शब्द वापरू लागली.

पुढच्या तारखा नीट बघायला हव्यात, कारण इथेच गल्लत होते. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘सेल्फी’ ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात आला. हा कोश चालू भाषेचा असल्याने तिथे शब्द तुलनेने लवकर घेतला जाई. नोव्हेंबरमध्ये तो ‘वर्षाचा शब्द’ ठरला. हा केवळ मान आहे, कोशातल्या नोंदीशी त्याचा थेट संबंध नाही. आणि ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या मोठ्या, शब्दांचा इतिहास सांगणाऱ्या कोशात तो जून २०१४ मध्ये दाखल झाला.

मोठ्या कोशात आलेला शब्द सहसा काढला जात नाही. तो वापरातून गेला, तर तसा शेरा मारून ठेवला जातो. म्हणूनच तिथे सावधगिरी जास्त. शब्द साधारण दहा वर्षे तरी वापरात असावा, असा तिथला संकेत. मात्र तो दगडावरची रेघ नाही. ट्विटरवरच्या अर्थाने ‘ट्वीट’ हा शब्द जून २०१३ मध्ये घेतला गेला, तेव्हा दहा वर्षांचा नियम मोडल्याचे मुख्य संपादक जॉन सिम्पसन यांनीच नमूद केले होते.

व्याख्या लिहिताना काय अडते?

‘सेल्फी’ची व्याख्या सोपी वाटते, पण ‘स्मार्टफोनने काढलेला स्वतःचा फोटो’ असे लिहिले तर २००२ चा तो पहिला पुरावाच व्याख्येबाहेर पडतो. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. म्हणून ऑक्सफर्डच्या व्याख्येत स्वतःच स्वतःचा काढलेला फोटो हा गाभा आहे. स्मार्टफोन, वेबकॅम आणि समाजमाध्यम यांचा उल्लेख ‘सहसा’ या अर्थाच्या शब्दानंतर येतो. हा एक शब्द पुष्कळ काम करतो. उपकरणे बदलली तरी व्याख्या टिकते.

घाई केली तर काय होते?

दोन तऱ्हांनी फसगत होते. पहिली म्हणजे लाट ओसरते. २०१३ च्या ‘वर्षाच्या शब्दा’च्या अंतिम यादीत ‘सेल्फी’बरोबर ‘श्मीट’ हाही शब्द होता. अर्थ होता प्रयोगशाळेत वाढवलेले मांस. मांसाचा तो प्रयोग पुढे गेला, पण हा शब्द आज क्वचितच ऐकू येतो.

दुसरी फसगत अधिक नामुष्कीची. अमेरिकेतल्या वेबस्टर शब्दकोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ दिला ‘घनता’. असा शब्द कुणीच वापरत नव्हते. १९३१ मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी पाठवली होती. कॅपिटल किंवा स्मॉल ‘डी’ हे अक्षर घनतेसाठी वापरतात, एवढेच तिच्यावर लिहिले होते. इंग्रजीतल्या ‘किंवा’सह ती अक्षरे सलग वाचली गेली आणि चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. फेब्रुवारी १९३९ मध्ये एका संपादकाला दिसले की, या नोंदीला व्युत्पत्तीच नाही. तेव्हा चूक उघड झाली. एक चिठ्ठी हाती असणे आणि शब्द वापरात असणे यांतला फरक या उदाहरणाने कायमचा ठसवला.

नोंद झाली की विषय संपतो का?

संपत नाही, कारण जुना पुरावा केव्हाही सापडू शकतो. ‘ओएमजी’ हे मोबाइलवरच्या मेसेजचे अपत्य समजले जाई. मार्च २०११ मध्ये ऑक्सफर्डने त्याची नोंद केली तेव्हा दिलेले सर्वांत जुने उदाहरण १९१७ चे होते. ब्रिटनचे अ‍ॅडमिरल जॉन फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ‘ओ! माय गॉड’चे हे संक्षिप्त रूप आहे. ‘सेल्फी’ची २००२ ही तारीखही त्याच अर्थाने तात्पुरती आहे.

मराठीतल्या अशा शब्दांचे काय?

‘लोचा’ घ्या. बोलण्यात तो सर्रास ऐकू येतो. त्याला वरची कसोटी लावायची, तर आधी तारीख असलेली वाक्ये हवीत : कथा-कादंबऱ्या, नाटके, वर्तमानपत्रे यांतली. मग तो मुंबईबाहेर, म्हणजे नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडे केव्हा लिहिला जाऊ लागला, हे बघावे लागेल. ‘लगे रहो मुन्नाभाई’ या २००६ च्या चित्रपटाने ‘केमिकल लोचा’ घरोघरी नेला, म्हणून त्याआधीचा आणि नंतरचा वापर वेगळा मोजावा लागेल. व्युत्पत्तीसाठी गुजराती आणि हिंदीतही शोध घ्यावा लागेल.

अडचण अशी की, मराठी स्लँग मुख्यतः बोलले जाते. फोनवर लिहिले, तरी अनेकदा रोमन लिपीत आणि प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने. त्यामुळे एकच शब्द यंत्राला चार वेगळे शब्द वाटू शकतात. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, पुरवणी १९५० मध्ये आली. त्यानंतर रूढ झालेला शब्द त्यात सापडणार नाही, हे उघड आहे. पण सापडला नाही म्हणून तो शब्दच नव्हे, असे ठरत नाही. त्याची वाक्ये तारीखवार कुणी जमवलेली नाहीत, एवढेच त्यातून कळते.